कोल्हापुरी चप्पल बनतानाचा व्हिडिओ टाकताय? टायटल, डिस्क्रिप्शन आणि ऑर्डरच्या माहितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी मामा, म्हणजे माझे सासरे, चप्पल बनवतात आणि व्हिडिओ मी टाकते. आधी आमचा, मग चुलत दिराचा, मग गल्लीतल्या दोघातिघांचा, असं करत करत आता प्रत्येक नवीन माणूस मला तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उदाहरण सगळीकडे एकाच व्हिडिओचं घेतलंय, आमच्या कपाशी जोडाचा, 8 मिनिटं 40 सेकंदांचा, ऑर्डरचा कोड KP-07.

मेटाडेटा म्हणजे नक्की काय भरायचं? व्हिडिओ चांगला असला की पुरे ना?

मेटाडेटा म्हणजे व्हिडिओबद्दलची लिहिलेली माहिती. टायटल, डिस्क्रिप्शन, मधले चॅप्टर, टॅग, भाषा, सबटायटल, थंबनेल. व्हिडिओत मामा रापी चालवताना दिसतात पण ते कातडं म्हशीचं आहे का कशाचं, हे बघणाऱ्याला स्क्रीनवरून कळत नाही, आणि वेणी शेळीच्या कातड्याची आहे हे तर बाजूला बसलेल्यालाही सांगितल्याशिवाय कळत नाही. हात काय करतायत ते व्हिडिओ दाखवतो. वस्तू कशाची आहे, पायाला बसेल का, कधी मिळेल, हे तुम्हालाच लिहायला लागतं. आमच्या पहिल्या व्हिडिओखाली चाळीसएक कमेंट होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त "प्राइस?", "लेदर आहे का रेग्झिन?" आणि "9 नंबर आहे का" एवढ्याच, आणि मी बसले एकेकाला उत्तर देत.

टायटलमध्ये काय लिहू?

यूट्यूबवर टायटलला 100 अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर पुढची कापली जातात, म्हणून कामाचे शब्द आधी. आमचं पहिलं टायटल होतं "आमच्या मामांची कला, नक्की बघा". कोण शोधणार हो हे? आता असं आहे:

```
कपाशी कोल्हापुरी चप्पल हाताने कशी बनते | Kolhapuri Chappal Making
```

कोल्हापुरी शब्द इंग्रजी अक्षरांत पण टाकलाय कारण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तसंच टाइप करतं, बंगळुरूचं किंवा दुबईचं तर नक्कीच. प्रकाराचं नाव लिहाच. कपाशी, कुरुंदवाडी, पायताण, जे असेल ते. नुसतं "कोल्हापुरी" लिहिलं की तुम्ही हजारांच्या रांगेत उभे. "कपाशी" शोधणारा मात्र बहुतेक वेळा घ्यायच्याच मूडमध्ये असतो.

किंमत टायटलमध्ये टाकू नका. आम्ही टाकली होती, मग कातडं महागलं, दर वाढवला, आणि जुन्या टायटलचा स्क्रीनशॉट पाठवून एक ताई महिनाभर भांडत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

डिस्क्रिप्शनला तर 5000 अक्षरं मिळतात, सगळी भरू का?

भरा हवं तर, पण "आणखी पाहा" दाबायच्या आधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बहुतेक लोक दाबतच नाहीत. म्हणून पहिल्या ओळीत मटेरियल आणि शिवण, दुसऱ्या ओळीत ऑर्डरची लिंक. आमचं असं आहे:

```
तळ म्हशीच्या कातड्याचा, वेणी शेळीच्या कातड्याची, शिवण हाताने चामड्याच्या वादीने. ऑर्डरवर बनते, 12 ते 15 दिवस.
ऑर्डर: https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KP-07

जोड ₹1,900, कुरिअर वेगळं. हा दर जानेवारी 2026 चा आहे.
माप: पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये पाठवा (कसं मोजायचं ते 7:40 ला).
रंग: कातड्याचा नैसर्गिक. प्रत्येक जोडात थोडा फरक येतो.
पाण्यात वापरू नका.
```

दराला महिना-वर्ष जोडलंय ते बघा. त्या एका ओळीनं भांडणं बंद झाली. आणि "शॉपला भेट द्या, लाइक करा, सबस्क्राइब करा" हे ज्यांना लिहायचंय त्यांनी सगळ्यात खाली लिहावं, वरती नको.

"प्युअर लेदर", "जेन्युइन लेदर" लिहिलं तर चालत नाही का?

चालतं, पण त्यातून गिऱ्हाइकाला काही कळत नाही, कारण रस्त्यावरचा मशीनचा मालही तेच छापून येतो. कोणत्या जनावराचं, कशानं कमावलेलं आणि कुठल्या भागाला कुठलं कातडं, या तीन गोष्टी लिहा.

कमावण्याचं जरा सविस्तर सांगते कारण इथंच सगळे गोंधळ घालतात. पारंपरिक पद्धतीत कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरतं. याला झाडपाल्याचं कमावणं म्हणा किंवा व्हेजिटेबल टॅनिंग म्हणा, गिऱ्हाईक दुसरा शब्द शोधतं म्हणून दोन्ही लिहा. असं कातडं नवीन असताना फिकट, बिस्किटासारखं दिसतं आणि ऊन, तेल, घाम लागून हळूहळू गडद होतं. हे डिस्क्रिप्शनमध्ये आधीच लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी मेसेज येतो, "रंग बदलला, नकली निघाली." प्रत्यक्षात ती अस्सल असल्याचीच खूण असते. दुसरं क्रोमचं लेदर, ते जास्त मऊ आणि रंगाला एकसारखं असतं. काही जण वरच्या पट्ट्याला तेच वापरतात. त्यात लपवायचं काय? वापरलं असेल तर लिहा, पण मग पूर्ण चप्पल "हिरड्या-बाभळीची" म्हणू नका.

आता कोणतं जनावर. हा प्रश्न गिऱ्हाईक उघड विचारत नाही पण मनात असतो, आणि परदेशातलं गिऱ्हाईक तर उघडच विचारतं. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी त्या बंदीत नाहीत. तर म्हशीचं असेल तर म्हशीचं असं स्पष्ट लिहा, एका शब्दाचं काम आहे. आणि तुम्हालाच माहीत नसेल तर ज्याच्याकडून कातडं घेता त्याला विचारून घ्या. अंदाजानं लिहू नका. आमच्याकडे एकदा मी वेणीला "म्हशीचं" लिहून मोकळी झाले होते, मामांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हशीच्या कातड्याची एवढी बारीक वेणी घालून दाखव बघू मला." तळाला जाड कातडं लागतं, वेणीला पातळ लवचिक.

तंत्राबद्दल किती लिहायचं? आमची पद्धत चोरीला जाईल अशी भीती वाटते.

व्हिडिओत दाखवलंच आहे ना सगळं. आणि वादीची शिवण दोन मिनिटं बघून कुणाला जमली असती तर मला कधीच जमली असती, इतकी वर्षं झाली घरात.

लिहायचं ते गिऱ्हाइकाला फरक कळेल एवढं. म्हणजे तळाला किती थर आहेत, थर वादीने शिवलेत का मशीनच्या दोऱ्याने, खिळा आहे का. इथं एक सांभाळा. "अजिबात चिकटवलेली नाही" असं सरसकट लिहू नका. बरेच कारागीर शिवायच्या आधी थर जागेवर राहावेत म्हणून थोडं सोल्युशन किंवा खळ लावतात, मग वरून शिवण घेतात. ते चिकट व्हिडिओत दिसलं आणि खाली "नो ग्लू" लिहिलेलं असलं की कमेंटमध्ये कुणीतरी पकडतोच. त्यापेक्षा "जोड शिवणीवर आहे, चिकट फक्त थर बसवायला" असं लिहा. तळाला रबर लावत असाल तर तेही लिहा. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून बरेच लोक मुद्दाम मागतात.

चॅप्टर म्हणजे ते वेळेचे आकडे ना? माझे दिसतच नाहीत.

तीन कारणं असतात. पहिला आकडा 0:00 नाहीये, किंवा आकडे तीनपेक्षा कमी आहेत किंवा चढत्या क्रमात नाहीत, किंवा एखादा चॅप्टर 10 सेकंदांपेक्षा छोटा आहे. माझं पहिलं कारण होतं, मी 0:05 पासून सुरू केलं होतं कारण आधी पाच सेकंद गणपतीचा फोटो होता. आमचे असे आहेत:

```
0:00 तयार कपाशी जोड, जवळून
0:35 कातडं ओलवणं आणि रापीने कापणं
2:10 तळाचे थर बसवणं
3:20 वादीने शिवण
5:15 वेणी घालणं
6:50 तेल आणि शेवटचा हात
7:40 घरी पायाचं माप कसं घ्यायचं
```

आता याचा उपयोग बघा. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर विचारतं, "हाताने शिवलेली आहे कशावरून?" मी 3:20 पासून सुरू होणारी लिंक पाठवते आणि गप्प बसते. म्हणजे डिस्क्रिप्शनमधल्या प्रत्येक दाव्याला व्हिडिओत एक जागा पाहिजे. ज्या दाव्याला जागा सापडत नाही, उदाहरणार्थ आम्ही कातडं स्वतः कमावत नाही, विकत आणतो, तर तिथं "कमावलेलं कातडं विकत घेतलेलं आहे" असंच लिहिलंय.

चॅप्टरच्या नावात "भाग 1", "भाग 2" नको. "वादीने शिवण" लिहिलं की शोधतानाही त्याचा उपयोग होतो.

मापाचं काय? सगळ्यात जास्त परत येतात त्या मापामुळेच.

अगदी. आणि यात गिऱ्हाइकाची चूक कमी, आपल्या लिहिण्याची जास्त. "7 नंबर" लिहिलं की तो बुटाचा 7, चपलेचा 7, का दुसऱ्या देशाचा 7, काहीच कळत नाही. एकदा परदेशातल्या एकानं 9 मागवली, आम्ही इथली 9 पाठवली, त्याला त्याच्याकडची 9 हवी होती. जोड अडकला, कुरिअरचे पैसे गेले, आणि मामांची दोन दिवसांची मेहनतही गेली.

तेव्हापासून नंबर विचारतच नाही. 7:40 च्या भागात माझी मुलगी दाखवते: कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून त्यावर उभं राहायचं, पेन सरळ उभं धरून पायाभोवती रेघ मारायची. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी, अशी दोन मापं सेंटीमीटरमध्ये घ्यायची. दोन्ही पायांची, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय जरा फुगतो. आखलेल्या कागदाचा फोटो पट्टी बाजूला ठेवून पाठवायचा. रुंदी का, तर कोल्हापुरीत अंगठा अडकतो आणि पट्टा चवड्यावर बसतो, लांबी बरोबर असली तरी रुंद पाय त्यात जातच नाही.

आणि डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ पक्की टाका: नवीन जोड सुरुवातीला घट्ट लागतो, घालून घालून पायाप्रमाणे सैल होतो. हे वाचलेलं गिऱ्हाईक पहिल्या दिवशी एक नंबर मोठी मागत नाही.

ऑर्डरची लिंक कशी बनवायची?

वर दिलीय तशीच. 91 नंतर तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये प्लस नाही, शून्य नाही, स्पेस नाही. शेवटी text= च्या पुढे व्हिडिओचा कोड. गिऱ्हाइकानं लिंक दाबली की त्याच्या मेसेजमध्ये KP-07 आपोआप लिहून येतं आणि तुम्हाला कळतं की हा कुठला व्हिडिओ बघून आला. नाहीतर "तो व्हिडिओमधला जोड पाहिजे" एवढाच मेसेज येतो, आणि आपले व्हिडिओ तीस.

नंबर व्हिडिओवर छापू नका. आम्ही छापला होता, सिम बदललं, आता तो व्हिडिओ दोन लाख वेळा बघितला गेलाय आणि फोन जातो भलत्याच माणसाला. बिचारा! डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं, छापलेला नंबर नाही. आणि धंद्याचा नंबर घरच्यापेक्षा वेगळा ठेवा.

शॉर्ट्स टाकत असाल तर तिथं डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंक दाबल्या जात नाहीत, 2023 च्या ऑगस्टअखेरपासून यूट्यूबनं त्या बंद केल्यात. म्हणून शॉर्टला "रिलेटेड व्हिडिओ" म्हणून मोठा व्हिडिओ जोडा, लिंक तिथं मिळते. इन्स्टाच्या कॅप्शनमध्येही लिंक दाबली जात नाही, ती बायोमध्ये ठेवा.

किती दिवसांत मिळेल, हे लिहू का? पाळता नाही आलं तर?

लिहा, पण पावसाळ्याचा वेगळा आकडा लिहा. कातडं ओलवून काम होतं आणि मग ते वाळायला लागतं. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, पंचगंगा कधी पात्राबाहेर येईल सांगता येत नाही आणि घरात कपडे वाळत नाहीत तिथं चप्पल काय वाळणार. दमट हवेत घाईनं पाठवलेल्या जोडावर बुरशी येते, बॉक्स उघडला की पांढरे ठिपके. आमच्या एका जोडाला असं झालं आणि फोटोसकट कमेंट आली, व्हिडिओखालीच. आता मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या डिस्क्रिप्शनमध्ये "12 ते 15 दिवस" च्या जागी "25 दिवस, पावसाळा" करते आणि दसऱ्याच्या आसपास परत बदलते. कंटाळवाणं काम आहे, पण तीस व्हिडिओ एका संध्याकाळी होतात.

जीआय टॅग लिहू शकतो का? आम्ही तर कोल्हापूरचेच.

नुसतं कोल्हापूरचे असून चालत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला, तो महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा मिळून आहे, आणि तो दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. कारागिरानं स्वतः "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंद केली की मग तो टॅग वापरता येतो. नोंद झाली असेल तर नोंदणी क्रमांक लिहा. नसेल तर "कोल्हापूर जिल्ह्यात हाताने बनवलेली" एवढं लिहा, ते खरं आहे. आणि अथणीचे, निपाणीचे कारागीर "कोल्हापुरी" लिहितात म्हणून कमेंटमध्ये भांडायला जाऊ नका, त्यांचाही हक्क आहे.

गावाचं नाव लिहिण्याबद्दल मी इतकी अडून का बसते, तर जून 2025 आठवा. मिलानच्या शोमध्ये प्रादानं आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि वर्णनात नुसतं लेदर सँडल. गावाचं नाव नाही, कारागिरांचं नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीनं भारतीय हस्तकलेची प्रेरणा होती हे मान्य केलं.

परदेशातून ऑर्डर येतात, त्यासाठी वेगळं काही लिहायचं का?

डिस्क्रिप्शनचं इंग्रजी भाषांतर यूट्यूबच्या भाषांतराच्या जागेत वेगळं टाका, त्याच डब्यात दोन भाषा कोंबू नका, नाहीतर पहिल्या दोन ओळींची वाट लागते. आणि कस्टमचा कोड माहीत असू द्या: 640320. त्याचं वर्णन वाचलं तर गंमत वाटते, चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे असलेली पादत्राणं. आपलीच चप्पल की! पट्टा क्रोमचा असला तरी चालतं, पण तळ रबराचा केला की हा कोड लागू होत नाही, म्हणून रबरवाल्या जोडाला वेगळा कोड आणि वेगळं डिस्क्रिप्शन.

टॅग आणि हॅशटॅग?

टॅगचा फारसा उपयोग नाही, स्पेलिंगच्या चुका तिथं टाका, kolapuri, kolhapuri chapal वगैरे. हॅशटॅग तीन पुरे. पन्नास टाकून पसारा करणाऱ्यांना सांगते, साठच्या वर गेलात तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं.

आमची छोटी वेबसाइट आहे, तिथं व्हिडिओ लावलाय, तिथंही काही भरायचं असतं का?

हो, ज्या पानावर व्हिडिओ दिसतो त्याच पानाच्या कोडमध्ये एवढं टाकायला वेबसाइटवाल्याला सांगा:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "VideoObject",
  "name": "कपाशी कोल्हापुरी चप्पल हाताने कशी बनते",
  "thumbnailUrl": "https://example.com/kp07.jpg",
  "uploadDate": "2026-01-10T10:00:00+05:30",
  "duration": "PT8M40S"
}
```

हे script टॅगमध्ये जातं, त्याचा प्रकार application/ld+json. तारखेच्या शेवटी +05:30 विसरू नका. थंबनेल डिलीट केलं की हे बोंबलतं, मग तो म्हणणार गूगलचा प्रॉब्लेम आहे. नसतो.

मूळ फाइलमध्ये पण काही माहिती लपलेली असते म्हणतात?

असते. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर शूट केलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये जातात, तारीख-वेळ तर जातेच. आपलं वर्कशॉप म्हणजे आपलंच घर, म्हणून मी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवते, खास करून एखादं मोठं गिऱ्हाईक मूळ फाइल ड्राइव्हवर मागतं तेव्हा. पण मूळ फाइल डिलीट करू नका. आमचा वेणीचा तुकडा कुणीतरी उचलून स्वतःच्या दुकानाच्या नावानं टाकला होता, तेव्हा तक्रार करताना तारखेसकट कच्चं शूटिंग हाताशी होतं, त्यात मामा मध्येच थांबून "अगं चहा टाक की" म्हणतात तेही होतं. तो तुकडा चार दिवसांत निघाला.